मंगल कार्यालयात पुरवठादारांच्या गाड्यांना वेळा ठरवून द्याव्यात का? माझ्या मते द्याव्यात, आणि सक्तीने

कार्यालय_व्यवस्था (पुणे)
आमच्या कार्यालयाला रस्त्याकडून एकच फाटक आहे. पाहुणे तिथूनच येतात आणि मांडववाले, केटरर, फुलवाले, ध्वनियंत्रणावाले यांच्या गाड्याही तिथूनच मागच्या अंगणात जातात. अंगणात एका वेळी दोनच गाड्या उभ्या राहतात, त्यामुळे तिसरी आली की फाटकातच अडकते आणि नेमकी त्याच वेळी वरपक्षाची बस दारात येते. प्रत्येक गाडीला पंचेचाळीस मिनिटांची वेळ ठरवून द्यावी, उशिरा येणाऱ्याला आत घेऊ नये आणि दंड यजमानाच्या अनामत रकमेतून कापावा, असा नियम मी करणार आहे. विरोध असेल तर कारणासह लिहावे.

मांडवाचा_धंदा
विरोध आहे, आणि कारण साधे आहे. सगळ्या गाड्या पंचेचाळीस मिनिटांत रिकाम्या होतात हे कोणी सांगितले? फुलांचा पिकअप वीस मिनिटांत मोकळा होतो. स्टेजचे सांगाडे, प्लायवूडचे पाट, कापडाचे गठ्ठे आणि सोफे घेऊन आलेल्या चौदा फुटी आयशरला चार हमाल असले तरी सव्वा तास लागतो, आणि त्यातला एक हमाल चहाला गेला की दीड तास धरावा. तुम्ही सर्वांना एकाच मापाची वेळ दिलीत, तर फुलवाल्याच्या वाट्याची पंचवीस मिनिटे अंगण रिकामे राहील आणि माझी गाडी मात्र अर्धी भरलेली असताना बाहेर काढावी लागेल. अर्धवट उतरवलेली गाडी बाहेर काढून पुन्हा आत घेणे यापेक्षा मोठा अडथळा दुसरा नाही. वेळापत्रकापेक्षा फाटकावर एक खमक्या माणूस उभा करा, तो डोळ्यांनी बघून गाड्या सोडेल.

मुलीचे_वडील
आमच्याकडे लग्नात हाच प्रकार झाला होता. कार्यालयाबाहेर दुतर्फा पाहुण्यांच्या मोटारी लागल्या आणि वयस्कर मंडळींना बरेच अंतर चालत यावे लागले. प्रत्येक कार्यालयाने वाहनतळाची सोय करणे बंधनकारक करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यालय_व्यवस्था (पुणे)
आपला त्रास खरा आहे, परंतु तो पाहुण्यांच्या मोटारींचा आहे. इथे प्रश्न माल उतरवणाऱ्या गाड्यांचा आहे.

जुना_बँक्वेट_मॅनेजर
मांडववाल्यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. सर्वांना समान वेळ देणे चूक आहे, गाडीच्या प्रकारानुसार वेळ द्यावी लागते. मात्र खमक्या माणसाचा उपाय एकाच समारंभाच्या दिवशी चालतो. सकाळी एक लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्या घरचे स्वागत असेल, तर तो माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात जागाच नसते. हे मी आकड्यांनी दाखवतो.

दुपारी साडेबाराच्या सुमाराचा मुहूर्त आहे, सकाळच्या यजमानांनी साडेतीनला हॉल सोडायचा आहे आणि संध्याकाळचे पाहुणे पावणेसातपासून येऊ लागणार आहेत, असे धरा. म्हणजे साडेसहाला अंगण आणि फाटक दोन्ही रिकामे हवे. तीन तास आणि दोन जागा मिळून 360 मिनिटे हाताशी आहेत. जाणाऱ्यांमध्ये मांडववाल्याची आयशर 70 मिनिटे, ध्वनियंत्रणा 30 आणि केटररची भांडी 40 मिनिटे घेतात. येणाऱ्यांमध्ये आयशरला 75, केटररच्या दोन छोट्या हत्तींना प्रत्येकी 30, ध्वनियंत्रणेला 45 आणि फुलांना 20 मिनिटे लागतात. बेरीज 340 होते, म्हणून कागदावर बसते आणि व्यवस्थापक निश्चिंत होतो.

आता तेच जागेवर मांडून पाहा. पहिल्या जागेत जुनी आयशर, मग नवी आयशर, मग फुले, असे करत सव्वासहा वाजतात. दुसऱ्या जागेत जुनी ध्वनियंत्रणा, भांडी, केटररच्या दोन गाड्या आणि शेवटी नवी ध्वनियंत्रणा यांत सहा पंचवीस होतात. म्हणजे पाच मिनिटे शिल्लक. परंतु एक गाडी निघून दुसरी उलट्या गिअरमध्ये अरुंद बोळातून आत येईपर्यंत निदान पाच मिनिटे जातात, आणि दुसऱ्या जागेत अशा चार अदलाबदली आहेत. वीस मिनिटे वाढली की पावणेसात होतात, म्हणजे ध्वनियंत्रणेची गाडी आणि पहिले पाहुणे एकाच क्षणी फाटकात भेटतात. याला कोणाचाही उशीर कारण नाही, प्रत्येक जण वेळेवर आलेला आहे.

याहून वाईट भाग पुढे आहे. नवी आयशर चार चाळीसला आत आली तर ती पाच पंचावन्नला रिकामी होते, आणि स्टेज उभे राहायला पुढे तासभर लागतो. सव्वासहाला उतरवलेली फुले लावायला तेव्हा स्टेजच नसते. गाड्यांची वेळ जुळवली, तरी कामाचा क्रम जुळलेला नाही.

केटरिंग_तिसरी_पिढी
आपल्या हिशेबात आमच्या दोन गाड्या सलग आल्या आणि सुखाने गेल्या. प्रत्यक्षात एका गाडीत भांडी, शेगड्या आणि सिलिंडर असतात, ती सकाळीही येऊ शकते. दुसरीत शिजलेले अन्न असते. आमचे स्वयंपाकघर आता कार्यालयाबाहेर आहे, कारण बहुतेक कार्यालये आचाऱ्यांना पहाटेपासून मागच्या अंगणात चुली मांडू देत नाहीत. मग तयार अन्न पाच वाजता आणून तीन तास डब्यांत ठेवायचे का? आळूची भाजी आणि मसालेभात टिकतात, जिलेबी मऊ पडते आणि बर्फ तर थांबतच नाही. आमची शेवटची गाडी पाहुण्यांच्या वेळेच्या जवळच यावी लागते. जो नियम तिला दारातून परत पाठवील, तो पंगतीत नव्वद माणसे उपाशी बसवील, आणि शिव्या कार्यालयाला मिळणार नाहीत, आम्हाला मिळतील.

फाटक_बंद
एवढा काथ्याकूट कशाला? सकाळी नऊनंतर एकही मालवाहू गाडी आत घ्यायची नाही, सगळे आदल्या रात्री उतरवून ठेवायचे. आमच्या गावाकडे लग्नात मांडव दोन दिवस आधीच पडतो, कोणाची अडचण होत नाही.

जुना_बँक्वेट_मॅनेजर
गावात मांडव स्वतःच्या अंगणात पडतो. शहरातल्या कार्यालयात आदल्या रात्री दुसऱ्याच घरचे स्वागत चालू असते, ते आटोपून हॉल मोकळा व्हायला मध्यरात्र होते. त्यानंतर लोखंडी सांगाडे उतरवले की शेजारच्या सोसायटीचे लोक खिडकीत येतात. ध्वनीच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ धरलेली आहे, आणि स्पीकर बंद असला तरी पहाटे दोनला पत्रा आपटल्याचा आवाज कोणाला आवडणार? सकाळी सहा ते नऊ हा पट्टा मात्र आपण म्हणता तसा वापरता येतो. संध्याकाळच्या केटररची शेगड्या-भांड्यांची गाडी त्या वेळी घेतली, तर दुपारच्या हिशेबातून 30 मिनिटे आणि एक अदलाबदल वजा होते. सकाळच्या केटररने दुपारी धुतलेली भांडी क्रेटमध्ये भरून पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उचलावीत, म्हणजे आणखी 40 मिनिटे सुटतात. दुसऱ्या जागेत मग जुनी ध्वनियंत्रणा साडेतीन ते चार, त्यानंतर नवी आयशर चार पाचला आत, म्हणजे ती पाच वीसला रिकामी होते आणि स्टेज साडेसहापर्यंत उभे राहते. पहिल्या जागेत पावणेपाचला नवी ध्वनियंत्रणा लागते आणि साडेपाचला निघते. दोन्ही जागा साडेपाचनंतर फक्त फुले आणि शिजलेले अन्न यांच्यासाठी उरतात. अन्नाच्या गाडीला साडेपाच ते सव्वासहा यांतला कोणताही अर्धा तास द्या, केटररना तेवढी सवलत हवीच.

मांडवाचा_धंदा
धुतलेली भांडी रात्रभर शेडमध्ये ठेवायची आणि एखादे पातेले हरवले तर? शिवाय माझी जुनी आयशर साडेतीनला भरायला सुरू करायची म्हणजे शेवटची पंगत उठण्याआधी सोफे हलवायचे. नवरा-नवरी फोटो काढत असतात, त्यांच्या पाठीमागचा पडदा मी ओढू का? पावणेचारशिवाय माझा हमाल स्टेजवर चढत नाही, हे आपल्या तक्त्यात नाही.

जुना_बँक्वेट_मॅनेजर
हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. गाडी साडेतीनला लागली आणि माल पावणेचारला आला, तर पंधरा मिनिटे जागा अडते. म्हणून आपली गाडी आत बोलावण्याची वेळ घड्याळावरून ठरवू नये, स्टेज मोकळे झाल्याच्या फोनवरून ठरवावी. तोपर्यंत ती दुसरीकडे उभी राहावी.

शिकागोकर
मी इथे प्रदर्शनांच्या उभारणीच्या कामात आहे. मॅकॉर्मिक प्लेस या मोठ्या प्रदर्शन केंद्रात ट्रक थेट धक्क्यावर जात नाहीत. आधी वेगळ्या आवारात जाऊन नोंद करतात आणि धक्का मोकळा झाला की बोलावले जातात. तिथे दिलेली वेळ ही त्या आवारात पोहोचण्याची असते, माल उतरवण्याची नसते. ट्रकचालकांना तिथे बराच वेळ ताटकळावे लागते, ही तक्रार मात्र इथेही आहे. आपल्याकडे असे आवार कुठून आणणार, हा खरा प्रश्न.

कार्यालय_व्यवस्था (पुणे)
आवार नाही, पण अर्ध्या किलोमीटरवर एका ओळखीच्या गोदामाचे मोकळे पटांगण आहे, तिथे चार गाड्या उभ्या राहू शकतात. मी मूळ नियम बदलतो. समान पंचेचाळीस मिनिटे रद्द करतो. गाडीच्या प्रकारानुसार वेळ देतो, बोलावण्याचा फोन फाटकावरचा माणूस करील, आणि रिकामी झालेली गाडी आत थांबणार नाही. चालक गाडीतच झोपतो आणि जागा तासभर अडते, हे मी रोज पाहतो. साडेसहानंतर पाहुण्यांची गर्दी संपेपर्यंत फाटक गाड्यांना बंद राहील. अनामत रकमेतून दंड कापण्याचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

मुलीचे_वडील
त्याला माझा कडाडून विरोध आहे. केटरर आपल्याच यादीतला घ्यायचा, अशी अट कार्यालय घालते, आणि त्याची गाडी उशिरा आली तर पैसे माझे कापले जातात. माझा त्याच्याशी संबंध ताटाच्या दरापुरता. दंड त्याच्या बिलातून वसूल करा.

कार्यालय_व्यवस्था (पुणे)
केटरर यादीतला असतो, मांडववाला बहुधा यजमानच आणतात. यादीबाहेरच्या पुरवठादाराशी माझा करारच नसतो, तर दंड कोणाला मागू?

केटरिंग_तिसरी_पिढी
आधी हे सांगा. माझा टेम्पो वेळेवर त्या पटांगणात पोहोचला आणि मांडववाल्याची गाडी निघाली नाही म्हणून तिथे तासभर अडकला, तर चालक खोटीचे पैसे मागतो. ती खोटी कोण भरणार? दंड लिहिताना त्याच करारात खोटीचा दरही लिहा, मग मी सही करतो.

मांडवाचा_धंदा
माझ्यामुळे झाली तर मी भरीन. पण पंगत उशिरा उठल्यामुळे झाली तर केटररनेच भरावी, कारण वाढपी त्यांचे असतात.