मदत हवी आहे: सिटीज स्कायलाइन्समध्ये भरलेलं शहर अचानक ओस पडतंय

फोंड्याची_मीनल
नमस्कार मंडळी. मी सिटीज स्कायलाइन्सचा 2015 चा पहिला भाग खेळते. नदीच्या दोन काठांवर शहर वसवलंय, साधारण पणजी-पर्वरीसारखं. एका काठावर बाजार, कारखाने आणि स्मशानभूमी, दुसऱ्या काठावर घरं आणि मध्ये एकच पूल. घरांच्या मागणीची हिरवी पट्टी भरलेली दिसली म्हणून पलीकडचा अख्खा काठ एका दमात निवासी केला. लोकसंख्या 18 हजारांवर गेली. बराच काळ सगळं सुरळीत होतं, मग एकाएकी घरोघरी कवटीची चिन्हं आली, घरं ओस पडू लागली आणि लोकसंख्या 13 हजारांवर आली. आठवड्याला चार हजार शिल्लक पडत होते, आता दीड हजारांचा तोटा आहे. पाणी स्वच्छ आहे, दवाखाने पुरेसे आहेत. पुलावर ट्रक आणि शववाहिन्यांची रांग लागलीय. पूल रुंद करू की कर कमी करू?

म्हापसेकर
पूल सहापदरी करा, रांग हटेल. आणि कर 9 वरून 7 टक्क्यांवर आणा, लोक परत येतील.

पर्वरीकर_
पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू आहे, त्यामुळे सकाळी पणजीला जायचं तर घरातून लवकर निघावं लागतं. दुसरा रस्ता हवाच.

फोंड्याची_मीनल
पर्वरीकर, मी खेळातल्या पुलाबद्दल विचारतेय 🙂

डिचोलीचे_नाना
मीनलताई, कर आहे तिथेच ठेवा. माणसं शहर सोडून गेलेली नाहीत, म्हातारी होऊन एकदम गेली. नव्या घरात येणारी कुटुंबं बहुतेक तरुण असतात आणि या खेळात माणूस साधारण सहा वर्षं जगतो. तुम्ही अख्खा काठ एकाच वेळी भरलात, म्हणजे सगळे जवळपास एकाच वयाचे आणि जायची वेळही एकच. लोकसंख्येचा आलेख उघडून बघा. वस्ती भरल्यापासून सुमारे सहा वर्षांनी कडा तुटल्यासारखी उतरण दिसली, तर कारण हेच.

पुढचं सगळं त्यातून आलंय. प्रेत वेळेत उचललं गेलं नाही तर घर ओस पडतं आणि त्या घराचा कर थांबतो. रस्ते, दवाखाने, शाळा यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तुमचा तोटा तिथून येतोय.

आता पूल. या भागात गाडी निघतानाच रस्ता ठरवते, तोही अंतर आणि वेगमर्यादा बघून. पुढे कोंडी आहे का, हे ती विचारात घेत नाही. शिवाय उतरल्यावर डावीकडे वळायचं असेल तर आधीपासूनच डावा पदर धरते. म्हणून सहा पदर केले तरी पाच मोकळे आणि एकावर रांग, असंच चित्र दिसेल. शववाहिनीला कोणी वाट देत नाही. फार वेळ अडकलेली गाडी खेळ गायबच करतो, मग ते बोलावणं पुन्हा पहिल्यापासून.

म्हापसेकर
मग शववाहिन्या वाढवायच्या. आरोग्याचं बजेट 150 टक्के करा, झालं.

डिचोलीचे_नाना
लाट ओसरेपर्यंत ठीक. पण दीडपट पैसे मोजून काम सव्वापटच होतं आणि त्याच पट्टीवर दवाखानेही असल्यामुळे त्यांचा खर्चही वाढतो. तोट्यात असताना हे जड जातं. शिवाय वाढलेल्या गाड्या त्याच पुलावर येणार. त्यापेक्षा घरांच्या काठावरच एक स्मशानभूमी बांधा. जवळचीच गाडी येईल याची खात्री हा खेळ देत नाही, तरी बऱ्याच फेऱ्या पूल न ओलांडता होतील. कारखान्यांना महामार्गाकडून वेगळा रस्ता दिलात तर ट्रकही पुलावरून हटतील.

ओस घरं मात्र एकदम पाडू नका. सगळी पाडलीत तर तिथे पुन्हा एका वयाची माणसं येतील. थोडी पाडा, काही महिने जाऊ द्या, मग पुढची.

मडगावची_श्रद्धा
माझ्याकडे दुसरा भाग आहे. तिथे माझ्या शहरात घरभाडं परवडत नाही अशी चिन्हं सगळीकडे यायची. 2024 च्या मोठ्या अपडेटनंतर सरकारी अनुदान गेलं आणि कराची गणितं पुन्हा मांडावी लागली. तुमचंही तसंच काही नाही ना?

डिचोलीचे_नाना
नाही, दुसऱ्या भागाचा हिशेबच वेगळा आहे.

फोंड्याची_मीनल
आलेख पाहिला, नाना म्हणाले तशीच उतरण आहे, आणि त्याआधी सहा वर्षं सपाट रेघ. पलीकडे स्मशानभूमी बांधली, कवट्या बऱ्याच कमी झाल्या. तोटा आठवड्याला चारशेवर आलाय. ओस घरं गल्लीगल्लीने पाडतेय. पण जी घरं ओस न पडता रिकामी झाली होती, त्यांत नवी माणसं एकदमच आली. म्हणजे सहा वर्षांनी पुन्हा लाट येणार का?

डिचोलीचे_नाना
येईल, पण बहुधा छोटी. माझ्या शहरात तिसऱ्या फेरीपर्यंत थोडी जाणवत होती.

म्हापसेकर
माझ्याकडे दुसऱ्यांदा पहिल्याइतकीच मोठी आली होती. तुम्ही आलेख इथे टाकत राहा.