मदत हवी आहे: एकाच शेअरमध्ये 45 टक्के झाले, किती विकू?

आर्णीकर: एक शेअर तिप्पट झाला. आता पोर्टफोलिओत तो एकटाच 45 टक्के आहे. 15 टक्क्यांवर आणायचा आहे. किती विकू? उद्या सकाळीच ऑर्डर टाकतो, लवकर सांगा.

हिशोबी: एकूण रक्कम किती? घेऊन वर्ष झालं का? विकलेले पैसे बाजारातच फिरवणार की घरी नेणार?

तूरवाला: भाऊ, एका शेअरमध्ये 2 टक्क्यांच्या वर जायचंच नाही. नियमच आहे तसा.

हिशोबी: तो 2 टक्क्यांचा नियम तोट्याचा आहे, गुंतवणुकीचा नाही. समजा भांडवल 1 लाख, तर एका सौद्यात 2 हजारांच्या वर गमवायचे नाहीत. 10 टक्के खाली बाहेर पडायचं ठरवलं, तर 20 हजारांचा शेअर घेता येतो.

काळी_माती: चालता बैल काऊन विकता? राहू द्या. स्टॉपलॉस लावा, भाव ठरवल्याच्या खाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर जाते, अन् झोपा.

आर्णीकर: एकूण 4 लाख, त्यात हा 1 लाख 80 हजार. खरेदी 60 हजारांची, दीड वर्ष झालं. पैसे काढणार, पेरणीला लागतात.

हिशोबी: मग उत्तर बदललं. पैसे बाजारातच राहिले असते तर 4 लाखांचे 15 टक्के म्हणजे 60 हजार ठेवून 1 लाख 20 हजारांचे विकले की झालं. पण पैसे बाहेर काढले की एकूणच घटतं. 1 लाख 20 हजार काढले तर मागे 2 लाख 80 हजार उरतात अन् त्यात 60 हजार म्हणजे 21 टक्के. 15 वर यायला सुमारे 1 लाख 41 हजारांचे विकावे लागतील. त्यात नफा 94 हजार. यंदा दुसरा दीर्घ मुदतीचा नफा घेतला नसेल तर सव्वा लाखाच्या आतच आहे, कर नाही.

काळी_माती: स्टॉपलॉसचं बोला ना.

हिशोबी: बऱ्याच छोट्या कंपन्यांना 5 टक्क्यांचं सर्किट असतं, म्हणजे एका दिवसात भाव त्याच्या वर किंवा खाली जाऊच देत नाहीत. खालचं सर्किट लागलं की घेणारा नसतो, तुमची ऑर्डर रांगेत पडून राहते. असे लागोपाठ 10 दिवस गेले की भाव 40 टक्के खाली. स्टॉपलॉस तिथं काय करणार?

तूरवाला: कापूस सीसीआयला द्यावा की व्यापाऱ्याला, कोणी सांगेल का?

हिशोबी: त्याचा धागा वेगळा काढा. आर्णीकर, शेअर कशाचा ते राहिलंच.

आर्णीकर: बियाण्याच्या कंपनीचा. बाकी 90 हजार खताच्या दोन कंपन्यांत आहेत. त्यानं काय फरक पडतो?

हिशोबी: हे आधी सांगायचं ना बाप्पा! पाऊस दगा देतो तेव्हा बियाणं अन् खत दोन्ही खपत नाही, अन् त्याच साली तुमचं वावरही पडतं. म्हणजे एका पावसावर 45 नाही, साडेसदुसष्ट टक्के लागलेत. खताचे किती दिवसांपूर्वी घेतले?

काळी_माती: पाऊस चांगला झाला तर मग?