एका क्लायंटला चार निरोप की एकच?

दादरची आर्टिकल
आमच्या सीए ऑफिसात जीएसटी एक जण बघतो, टीडीएस दुसरी, ऑडिट मी. जो तो आपापली राहिलेली कागदपत्रं त्याच क्लायंटकडे वेगवेगळी मागतो. कधीकधी एकाच दिवशी एका माणसाला चार व्हॉट्सॲप जातात. सर म्हणतात, एका माणसाकडचं जे जे बाकी असेल ते एकाच मेसेजमध्ये मागा. मला वाटतं, त्यात महत्त्वाचं तेच बुडेल. तुम्ही काय करता?

फोर्टचा सीनियर
मी सरांच्या बाजूचा. पण चार मेसेज एकाखाली एक चिकटवले म्हणजे एकत्र झाले असं नव्हे. अंधेरी एमआयडीसीतल्या एका प्रिंटिंग प्रेसचं उदाहरण घ्या. भागीदारी फर्म, टीडीएस लागू. ४ सप्टेंबरला मालकाला मेसेज असा जाईल:

नमस्कार. आपल्याकडून आज एवढं बाकी आहे.
१. ऑगस्टचं गाळाभाडं आणि कन्सल्टंटची फी, दोन्हींचे आकडे. ६ तारखेपर्यंत.
२. ऑगस्टची विक्रीची बिलं, १८८ नंबरच्या पुढची सगळी. ९ पर्यंत.
३. ॲडव्हान्स टॅक्ससाठी या वर्षीच्या नफ्याचा अंदाज. ११ पर्यंत.
४. ऑगस्टचं बँक स्टेटमेंट, एक्सेलमध्ये. १६ पर्यंत.
उत्तरात नुसता नंबर आणि तारीख लिहिली तरी चालेल.

क्रम बघा. आपण कधीपासून मागतोय यावर तो लावलेला नाही, आपलं काम कधी अडेल यावर लावलाय. टीडीएसचं चलन ७ तारखेला भरायचं, म्हणून भाडं पहिलं. भाडं ८०,००० असेल तर १० टक्क्यांनी टीडीएस ८,०००. तो ३१ ऑगस्टला कापला आणि ८ सप्टेंबरला भरला, तर उशीर एका दिवसाचा. पण व्याज महिन्याला दीड टक्का, आणि ऑगस्ट, सप्टेंबर हे दोन्ही महिने मोजले जातात. म्हणजे ३ टक्के, २४० रुपये. रक्कम छोटी आहे, पण दर महिन्याला दर क्लायंटचं असं झालं की तो आपल्यालाच विचारतो.

बिलांचं त्याहून नाजूक. जीएसटीआर-१ ची तारीख ११. त्यात एखादं बिल राहिलं तर १४ ला तयार होणाऱ्या २बी मध्ये ते समोरच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला क्रेडिट मिळत नाही, आणि तो आपल्या क्लायंटचं पेमेंट अडकवून ठेवतो. म्हणून नुसतं 'बिलं पाठवा' म्हणू नका, कुठल्या नंबरपासूनची हवीत ते लिहा.

वांद्र्याची टीडीएसवाली
कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात क्लायंट त्यातलं सगळ्यात सोपं काम उरकतो. बँक स्टेटमेंट पाठवतो, वर एक अंगठा टाकतो, आणि त्याच्या मते विषय संपला. भाड्याचा आकडा कोण शोधत बसणार? मी टीडीएसचा मेसेज वेगळाच पाठवते. त्याला उत्तर आलं नाही तर माझ्या स्क्रीनवर लगेच दिसतं. चार गोष्टींच्या मेसेजला एक उत्तर आलं की बाकीच्या तीन राहिल्यात हे आपल्याच लक्षात राहत नाही.

ठाण्याचा अकाउंटंट
एवढा विचार कशाला? दर सोमवारी सकाळी सगळ्यांना एकेक यादी पाठवायची. वार ठरलेला असला की क्लायंटलाही सवय लागते.

फोर्टचा सीनियर
सवयीचं पटतं, पण वार धरून चालणार नाही. १ तारखेला सोमवार आला तर भाड्याची नोंदच झालेली नसते, आणि पुढचा सोमवार ८ ला. तोवर टीडीएस गेला. आमचे दिवस तारखांवर आहेत: ३-४ च्या सुमारास पहिली यादी, १५ ला दुसरी, कारण २बी आल्याशिवाय खरेदीची कुठली बिलं दिसत नाहीत ते कळत नाही आणि ३बी २० ला भरायचं असतं.

वांद्रेकर ताई, तुमचा मुद्दा खरा आहे. अंगठ्यावर विषय सोडला तर एकत्र मेसेज घातकच. आम्ही लगेच उलट लिहितो: '४ मिळालं, धन्यवाद. १ परवापर्यंत हवं.' अख्खी यादी पुन्हा पाठवत नाही, आणि महिनाभर नंबर बदलत नाही. ४ मिळालं म्हणून पुढच्या नव्या कामाला ४ नंबर दिला की क्लायंटचं '४ पाठवलं' हे कशाबद्दल ते कुणालाच कळत नाही.

मुलुंड सोसायटी सेक्रेटरी
आम्ही हेच करतो. ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्या सगळ्यांची नावं आणि रकमा एकाच मेसेजमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. लगेच पैसे येतात.

दादरची आर्टिकल
काका, ते अनेकांचं एक काम झालं. मी एका माणसाच्या अनेक कामांबद्दल विचारतेय, तेही खाजगीत. आमच्याकडे एकाचं बाकी दुसऱ्याला दिसलं तर क्लायंट टिकणार नाही.

नागदेवीचा दुकानदार
मी मेसेज घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून बोलतो. एकच मेसेज पाठवा, पण माणूस बघून. आमच्या सीएच्या ऑफिसातून पाच गोष्टींची यादी आली. त्यातली बिलं आणि स्टेटमेंट मेहताजींकडे, म्हणून मी मेसेज जसाच्या तसा त्यांना पुढे पाठवला. खाली पाचवी ओळ होती: बायकोच्या एफडीच्या व्याजाचं सर्टिफिकेट, बँकेचं नाव आणि रक्कम सकट. घरातला पैसा दुकानात कळायचं काही कारण नव्हतं. फार वाईट वाटलं.

फोर्टचा सीनियर
तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. यादी पॅनवरून करायचीच नाही, कागद ज्याच्या हातात आहे त्याच्या नावावर करायची. दुकानाचं मेहताजींना एक, मालकांना घरचं आणि सहीचं दुसरं. निरोप दोन होतील, पण प्रत्येकाला एकच. वरच्या प्रेसच्या यादीतही हिशेबनीस वेगळा असता, तर नफ्याचा अंदाज मी त्याच्याकडे मागितला नसता.

वांद्र्याची टीडीएसवाली
आणि ओटीपी? तोही यादीत पाचवा नंबर?

फोर्टचा सीनियर
नाही. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो, त्याला फोनच करायचा. ज्यांचं रिटर्न ओटीपीने जातं त्यांना यादीत फक्त वेळ कळवतो: '१९ ला सकाळी ११ वाजता ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा.' २० ची वाट बघत नाही, त्या दिवशी पोर्टल हळू चालतं.

दादरची आर्टिकल
मग यादी पाठवायची कुणी? आम्ही चौघं चार कामं बघतो. माझ्याकडून टीडीएसची ओळ सुटली तर जबाबदार कोण?

फोर्टचा सीनियर
आमच्याकडे कामं नव्हे, क्लायंट वाटलेत. एका क्लायंटशी एकच जण बोलतो. बाकीचे आपली मागणी एका सामाईक शीटमध्ये लिहितात: काय हवं, कुणाकडून, कधीपर्यंत. तो संध्याकाळी ती चाळतो आणि सकाळी मेसेज करतो.

वांद्र्याची टीडीएसवाली
आणि तो आजारी पडला तर? ६ तारखेला शीट कुणी उघडलीच नाही, तर चलन राहतं आणि क्लायंट मला विचारतो. सही माझ्या कामाखाली असते. बाकीची यादी तुम्ही एकत्र करा, माझी हरकत नाही, पण ७ तारखेच्या आधीचा टीडीएसचा मेसेज मी माझाच पाठवणार.

फोर्टचा सीनियर
५ तारखेला शीट दुसऱ्याने बघायची असं आम्ही ठरवलंय. तरी तुमच्या ऑफिसात चौघंच असतील तर सुट्टीच्या दिवसांत ते अवघड जाईल, हे मान्य.

नागदेवीचा दुकानदार
कुणीही पाठवा, फक्त अकराच्या आधी पाठवा. त्यानंतर गिऱ्हाईक सुरू होतं आणि मेसेज रात्री दुकान बंद केल्यावरच वाचला जातो. तेव्हा मेहताजी घरी गेलेले असतात.