समोरच्याने दर उतरवला, तर आपणही उतरवावा का?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात ब्रॉडबँड देणारे आम्ही दोघेच. प्रत्येकी १००० जोडण्या, दर महिना ५०० रुपये. ठरलेला खर्च दरमहा २ लाख आणि प्रत्येक ग्राहकामागे आणखी १०० रुपये. समोरच्याने सर्वांसाठी ४०० केले आहेत. मी काय करावे?

वाणिज्य-पदवीधर : हा सरळ कैद्यांचा पेच आहे, म्हणजे प्रत्येकाने आपापला फायदा पाहिला की शेवटी दोघांचेही नुकसान. दोघे ५०० वर राहिल्यास प्रत्येकी २ लाख सुटतात, दोघे ४०० वर आल्यास १ लाख. एकटाच उतरला आणि ५०० ग्राहक त्याच्याकडे गेले, तर त्याला अडीच लाख आणि दुसऱ्याला शून्य. म्हणजे समोरचा काहीही करो, उतरणेच फायद्याचे ठरते.

आकडेमोड : ५०० ग्राहक जातील, हे कशावरून? तुमचा सगळा तक्ता त्या एका आकड्यावर उभा आहे. २०० च गेले, तर ५०० वर राहूनही यांना १ लाख २० हजार सुटतात आणि दर उतरवल्यास १ लाखच, कारण जे कुठेही जाणार नव्हते त्यांनाही १०० रुपये सोडावे लागतात. २५० हून कमी ग्राहक हलत असतील, तर स्वस्थ बसावे. पेच खरा होतो तो ३३३ च्या पुढे, कारण समोरचा ५०० वर असतानाही एकट्याने उतरणे तेव्हाच परवडते. मधल्या पट्ट्यात समोरचा करील तेच करणे बरे. तेव्हा आधी गेल्या महिन्यात किती जोडण्या तुटल्या, ते मोजा.

खांबावरचा माणूस : आमच्याकडे तर नेट बंद पडल्यावर फोन कोण उचलतो, यावरच ग्राहक टिकतो, दराचे एवढे काय घेऊन बसलात? तरी अनुभव सांगतो. आम्ही सर्वांसाठी दर उतरवला नाही, नव्या जोडणीलाच ४०० लावले. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले लोक हलले नाहीत, पण बाकीच्यांतले पुष्कळ आले.

आकडेमोड : आपण विषय सोडून बोलता असे वाटले होते, पण शेवटच्या दोन वाक्यांनी माझाच हिशेब मोडला. सवलत केवळ नव्यांना असेल, तर जुन्या हजारांवर काहीच सोडावे लागत नाही आणि २०० ग्राहक खेचले तरी २ लाख ६० हजार सुटतात. समोरच्यानेही तेच केले, की दोघे एकमेकांचे २००-२०० ग्राहक पळवतात आणि प्रत्येकी १ लाख ८० हजारांवर येतात. म्हणजे थोडेच ग्राहक हलत असले, तरी पेच परत उभा राहतो, फक्त तोटा सौम्य असतो.

वाणिज्य-पदवीधर : म्हणजे निष्कर्ष माझाच खरा ठरला.

आकडेमोड : निष्कर्ष जुळला, कारण वेगळे आहे. यांच्या प्रतिस्पर्ध्याने दर सर्वांसाठी उतरवला आहे. त्याला उत्तर म्हणून केवळ नव्यांना सवलत द्यायची, तर आधीपासून ४०० भरणारा त्याचा ग्राहक तेवढ्यासाठी राउटर बदलायला कशाला येईल?

खांबावरचा माणूस : आणि एक राहिले. आमच्या गल्लीत एकाने शेजाऱ्याचे ४०० चे बिल मोबाइलवर दाखवले आणि आठवड्याभरात सत्तर जुने ग्राहक तोच दर मागू लागले. निम्म्यांना द्यावा लागला. हे तुमच्या तक्त्यात कुठे बसते?

प्रश्नकर्ता : गेल्या महिन्यात माझ्या ४० जोडण्या तुटल्या. पण सहा महिन्यांचे पैसे भरलेल्या ३५० जणांची मुदत मार्चमध्ये संपते. तोवर हा ४० चा आकडा धरावा की नाही?