उत्तर: डेकचा मेमो करताना

«स्ट्रॅटेजीचा 32 स्लाइडचा डेक आहे, आधीच वाचायला मेमो पाठवायचाय. स्लाइडमधला मजकूर वर्डमध्ये उतरवला की झालं का?»

नाही हो, मी पण तेच केलं होतं पहिल्यांदा. आमचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना, डेकमध्ये एका स्लाइडवर होतं 'नवे रॅपिअर लूम – क्वालिटी – एक्स्पोर्ट', मध्ये बाण. बोलताना भारी वाटायचं. मेमोत पूर्ण वाक्य लिहायला बसलो तर 'म्हणून' च्या पुढं अडलो, कारण लूम घेतल्यावर एक्स्पोर्टची ऑर्डर येणार कुठून हे कुणी ठरवलंच नव्हतं, बाणानं झाकलं होतं सगळं.

तर डेक बंद करा आणि आधी वरच्या दोन ओळी लिहा, मीटिंगमध्ये नक्की काय ठरवायचंय. आमचं होतं: 'जुने 12 माग काढून 4 रॅपिअर घ्यायचे का, का आधी डाइंग सुधारायचं?' मग सध्याची स्थिती, दोन्ही पर्याय, खर्च, आणि तुमचं मत कशामुळं तसं झालं ते. कशाची खात्री नाही तेही लिहा, चर्चा तिथंच होते. दोन-तीन पानं बास, तक्ते शेवटी जोडायचे.

आणि आधी पाठवला तरी निम्मे लोक वाचत नाहीत, हे धरूनच चाला. अॅमेझॉनमध्ये मीटिंगच्या सुरुवातीलाच सगळे गप्प बसून मेमो वाचतात, आम्ही पण 15 मिनिटं तेच करतो. आमचे काका पहिल्या दिवशी म्हणले, 'शाळा हाय का ही?' पण पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, डाइंगवरचा. प्रोजेक्टर मात्र लावूच नका, लावला की लोक परत स्लाइड मागतात.