आसव-अरिष्टातले अल्कोहोल: दारू सोडलेल्या माणसाला ही बाटली द्यावी का?

शाहूपुरीची लेक

माझ्या वडिलांनी पाडव्यापासून दारू सोडली आहे. व्यसनमुक्ती केंद्राने दिलेली डायसल्फिरामची गोळी ते रोज सकाळी आईसमोर घेतात. गेले काही दिवस त्यांना भूक लागत नाही आणि अंगात त्राण राहिलेले नाही, म्हणून आत्याने महाद्वार रोडवरून अश्वगंधारिष्टाची बाटली आणली आहे. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘स्वयंजनित मद्यार्क ५ ते १० टक्के’ असे छापले आहे. आत्या म्हणते, औषधच आहे, घेऊ दे. द्यावे का?

गंगावेशकर काका

अवश्य द्यावे. आसव हे न उकळता करतात आणि अरिष्ट हे काढा उकळून करतात, हा दोहोंतला फरक आधी समजून घ्या. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, तेव्हा काढा तासन्‌तास आटवल्यावर त्यात ते राहील कसे? शिवाय आपण ते समभाग पाणी घालून घेतो. आमच्या घरात प्रत्येक बाळंतिणीला दशमूलारिष्ट दिले गेले आहे आणि कोणालाही कधी झिंग आलेली नाही. जे औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्याला दारूच्या पंक्तीला बसवणे मला पटत नाही.

वैद्य, राजारामपुरी

काका, आसव आणि अरिष्ट यांतला फरक तुम्ही बरोबर सांगितलात, पण क्रम उलटा धरलात. काढा आधी उकळतो आणि संधान, म्हणजे आंबण्याची क्रिया, त्यानंतर लागते. काढा आटवून गार झाला की त्यात मध, गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले घालून भांड्याचे तोंड बंद करतात. त्या फुलांबरोबर येणारे किण्व साखरेचे अल्कोहोल करते. काही दिवसांत भांड्याला कान लावला तर आत सूं-सूं असा बारीक आवाज येतो आणि तोंडाशी पेटती काडी नेली तर ती विझते, कारण आतून कर्बवायू बाहेर पडत असतो. पुढे आवाज थांबतो, काडी विझेनाशी होते, फुले तळाशी बसतात आणि मग ते गाळतात. त्यानंतर ते पुन्हा उकळले जात नाही, त्यामुळे तयार झालेले अल्कोहोल बाटलीत तसेच राहते.

हे अल्कोहोल म्हणजे भेसळ नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. त्यामुळे वनस्पतींतले गुण द्रवात उतरतात आणि औषध टिकते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे, वेगळी अधिसूचना असलेली काही औषधे वगळता, आपोआप तयार झालेले अल्कोहोल १२ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. मात्र डायसल्फिरामची गोळी चालू असताना मी स्वतः कोणतेही आसव किंवा अरिष्ट देत नाही.

हिशेबी, उचगाव

मी वैद्य नाही, पण साधा हिशेब मांडतो, कारण या चर्चेत भीती जास्त आणि आकडे कमी आहेत. एका वेळची मात्रा ३० मिलि धरा आणि अल्कोहोल ८ टक्के धरा. शुद्ध अल्कोहोल झाले २.४ मिलि, वजनाने साधारण १.९ ग्रॅम. साठ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते पूर्ण उतरले, तरी १०० मिलि रक्तामागे ४ ते ५ मिलिग्रॅम होते. वाहन चालवण्याची कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेच्या सहाव्या हिश्श्याइतकेसुद्धा नाही आणि शरीर ते अर्ध्या तासाच्या आत निकाली काढते. यासाठी एवढी दवंडी कशाला?

परिचारिका, निवृत्त

मी बरीच वर्षे मनोविकार विभागात काम केले आहे. तुमचा हिशेब अचूक आहे आणि मला त्याच आकड्याची भीती वाटते. वाहनाची मर्यादा झिंगेसाठी आहे, पण इथे प्रश्न झिंगेचा नाही. अल्कोहोल पचताना मध्ये अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि एरवी यकृत तो लगेच निकाली काढते. डायसल्फिराम नेमके तेच काम अडवते, त्यामुळे विष साचते. डायसल्फिरामच्या माहितीपत्रकात असे दिले आहे की संवेदनशील माणसाला १०० मिलिमागे ५ ते १० मिलिग्रॅमलाच सौम्य त्रास सुरू होऊ शकतो आणि ५० च्या आसपास तो पूर्ण भरात येतो.

आता तुमचाच आकडा त्याच्याशेजारी ठेवा. तीस मिलिला ४ ते ५, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. बाटली १२ टक्क्यांची असेल तर तोच घोट ७ च्या आसपास जातो. घरी मोजमाप झाकणाने होत नाही, वाटीने आणि अंदाजाने होते. साठ मिलि ओतले की ८ टक्क्यांतही ९ झाले. पाणी घातल्याने कडवटपणा कमी होतो, पण पोटात जाणारे अल्कोहोल तेवढेच राहते, कारण ते बाटलीतूनच आलेले असते. कोणाला तेवढ्याने काही होणार नाही, कोणाचा चेहरा लाल होईल, छाती धडधडेल, उलटी होईल, रक्तदाब उतरेल. कोण कोणत्या गटात आहे, हे आधी कळत नाही आणि हृदयविकार असलेल्या माणसावर हा प्रयोग करून बघता येत नाही.

आणखी एक गोष्ट कित्येकांना ठाऊक नसते. गोळी बंद केल्यावरही सुमारे १४ दिवस हा परिणाम राहू शकतो. तेव्हा आज गोळी थांबवून उद्या अरिष्ट सुरू करणे हा मार्ग नाही.

शाहूपुरीची लेक

आता सांगते, आत्याने परवा रात्री जेवणानंतर त्यांना वाटीत ओतून दिलेही होते. थोड्या वेळाने त्यांचे कान आणि मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले आणि ते उठून खिडकीपाशी बसले. आम्हाला वाटले उन्हाने पित्त खवळले असेल. पाऊण तासात उतरले.

परिचारिका, निवृत्त

ताई, बाटली आजच घरातून बाहेर काढा आणि ही हकीकत केंद्रातल्या डॉक्टरांना जशी घडली तशी सांगा. पुन्हा असे झाले आणि छातीत दुखणे, दम लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे असे काही असेल, तर घरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठा आणि गोळीचे पाकीट सोबत न्या. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असते, ती बाटलीही तपासा. बाजारात काढा म्हणून मिळणाऱ्या काही तयार बाटल्यांवरसुद्धा मद्यार्काची ओळ असते, म्हणून नावावर विसंबू नका.

पण मला याहून मोठी काळजी तुमच्या पहिल्याच वाक्यांची वाटते. भूक मेली आहे, अंगात त्राण नाही, अशी लक्षणे डायसल्फिराममुळे यकृताला सूज आल्यावरही दिसतात. लघवी गडद होते का, डोळे पिवळसर वाटतात का, अंगाला खाज सुटते का, ते बघा. यकृताची रक्ततपासणी होण्याआधी कोणतेही टॉनिक देऊ नका. ज्या अशक्तपणासाठी ही बाटली आणली, तो अशक्तपणा गोळीचाच इशारा असू शकतो.

वैद्य, राजारामपुरी

यास माझी पूर्ण सहमती आहे. अश्वगंधेचे चूर्ण दुधातून द्या, त्यात अल्कोहोल नसते, असे सुचवणारच होतो, पण थांबलो. अश्वगंधेमुळे यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. यकृतावर आधीच शंका असताना ती देऊ नये. तपासणी ठीक आली तर पुढे बोलू.

गडहिंग्लजची सून

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या रोज अभयारिष्ट घेतात. त्यांच्या बाटलीवरही टक्केवारी आहे. मग तेही बंद करायचे का? त्यांनी दारूला आयुष्यात हात लावलेला नाही.

वैद्य, राजारामपुरी

त्यांचा प्रश्न वेगळा आहे, वहिनी. त्यांच्या बाबतीत अल्कोहोलइतकाच त्यातला गूळ मोजावा लागतो. संधानात सगळी साखर संपत नाही, म्हणून तर ते गोडसर लागते. साखर चढती असेल तर बद्धकोष्ठासाठी हिरड्याचे चूर्ण डॉक्टरांना विचारून घेता येईल. त्या झोपेची किंवा फिट्सची गोळी घेत असतील, किंवा मेट्रोनिडाझोलसारखे औषध सुरू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि यकृताचे रुग्ण यांना मी मनाने आणलेले आसव-अरिष्ट कधीच घेऊ देत नाही.

तालमीतला एक

काकांच्या मुद्द्यावर लिहितो. माझ्या थोरल्या भावाने दारू सोडली, त्याला कोणतीही गोळी नव्हती. पचनासाठी म्हणून द्राक्षासव सुरू झाले. आधी दोन झाकणे, मग अर्धी वाटी, मग ४५० मिलिची बाटली दोन दिवसांत रिकामी होऊ लागली. वहिनी स्वतःच आणून देत होती, कारण ते औषधाच्या दुकानात मिळत होते. चव आणि घशातली ती जळजळ ओळखीची वाटली, असे त्याने नंतर आम्हाला सांगितले. हिशेबी दादांनी एका घोटाचा आकडा मांडला, आता एका बाटलीचा मांडावा.

हिशेबी, उचगाव

४५० मिलि, ८ टक्के, म्हणजे ३६ मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनाने २८ ग्रॅमच्या वर. बिअरच्या ३३० मिलिच्या, ५ टक्क्यांच्या दोन बाटल्यांत मिळून ३३ मिलि असते. सगळी बाटली एका बैठकीत गेली तर वाहनाची मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. मात्रेत घेणाऱ्याविषयीचे माझे मत तेच आहे, पण सोडलेल्या माणसासाठी ते लागू नाही, हे मान्य.

औषध विक्रेता, लक्ष्मीपुरी

दुकानदारावर सगळे ढकलू नका. अरिष्टाला चिठ्ठी लागत नाही. एकच गिऱ्हाईक आठवड्यात चौथी बाटली मागू लागले की मी विचारतो आणि मग ते शेजारच्या दुकानात जाते. महाद्राक्षासव आणि मृतसंजीवनी सुरा यांच्या बाटलीच्या आकारावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे, म्हणजे धोका सरकारला माहीत आहे. तशी मर्यादा सगळ्यांना लावावी आणि ‘दारू सोडण्याची गोळी चालू असल्यास घेऊ नये’ ही ओळ मराठीत ठळक छापावी, एवढे माझे म्हणणे आहे. २०२३ च्या अखेरीस गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात आसवाच्या नावाने विकलेले सरबत पिऊन माणसे दगावली आणि तपासात मिथाइल अल्कोहोल निघाले. नाव औषधाचे आणि गिऱ्हाईक नशेचे, अशी बाजारपेठ तयार झाली की असेच घडते.

वैद्य, राजारामपुरी

ठळक ओळीला माझा पाठिंबा आहे, सरसकट लहान बाटलीला नाही. जुनाट आजारात अरिष्ट आठवडेच्या आठवडे घ्यावे लागते. मोठी बाटली बंद केली तर खेड्यातल्या रुग्णाला तेच औषध महाग पडेल. खेडा जिल्ह्यातली घटना ही बनावट मालाची आहे आणि तिचा दोष योग्य संधान केलेल्या औषधावर लादू नये.

तालमीतला एक

वैद्यबुवा, महाग पडेल हे खरे, पण माझ्या भावाला मोठी बाटली फारच स्वस्त पडली.

गंगावेशकर काका

उकळण्याचा मुद्दा वैद्यांनी समजावला, तो मान्य. बाळंतिणीच्या दशमूलारिष्टाविषयी मात्र माझे मत बदललेले नाही.

परिचारिका, निवृत्त

काका, मात्रेतल्या घोटाने दुधात उतरणारे अल्कोहोल थोडे असते आणि तासाभरात निघून जाते, म्हणून मी त्यावर भांडणार नाही. तरीही बाळाला पाजून झाल्यावर घ्यावे आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

शाहूपुरीची लेक

केंद्रात फोन केला. त्यांनी उद्या उपाशीपोटी यकृताच्या तपासणीला बोलावले आहे आणि आजची गोळी देऊ नका असे सांगितले आहे. बाटली मोरीत ओतली. आत्याला मात्र अजून वाटते की ते उन्हाचेच होते.