सोसायटी ग्रुप : फल कोठे वाढते आणि कोठे घटते, याबद्दल रविवारची चर्चा

अ-२०३ : सर, नमस्कार. रविवारी त्रास देते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मुलगा बारावी सायन्सला आहे. f(x) = x²/(x − 2) हे फल कोठे वाढते आणि कोठे घटते, असा प्रश्न त्याला गृहपाठात आला होता. त्याने उत्तर लिहिले आहे की x > 4 असताना फल वाढते आणि x < 4 असताना घटते. उत्तरसूचीत मात्र वाढते (−∞, 0) आणि (4, ∞), तर घटते (0, 2) आणि (2, 4) असे दिले आहे. विकलज त्याने बरोबर काढला आहे, ही गोष्ट मी स्वतः पडताळून पाहिली. मग उत्तर कोठे फिरले, हे आम्हा दोघांनाही उमगत नाही. आपण सवडीने सांगितलेत तर बरे होईल.

ब-१०४ : ताई, त्रास कसला? त्याने शेवटच्या तीन-चार ओळी कशा लिहिल्या आहेत, ते कृपया टाका. उत्तर चुकण्याची जागा बहुधा विकलजाच्या नंतरच असते.

अ-२०३ : त्याच्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा देते.

```
f'(x) = 1 − 4/(x − 2)²
f'(x) > 0  ⇒  (x − 2)² > 4
           ⇒  x − 2 > 2
           ⇒  x > 4
```

ब-१०४ : पहिल्या दोन ओळी निर्दोष आहेत, किंबहुना त्याने विकलज ज्या रूपात लिहिला आहे ते रूप मला आवडले. f(x) = x + 2 + 4/(x − 2) अशी फोड आधी करून घेतल्यामुळे भागाकाराचा नियम वापरावाच लागला नाही. (x − 2)² हा वर्ग आहे आणि x = 2 हे मूल्य फलाच्या प्रांतातच नाही, त्यामुळे तो नेहमी धन असतो. म्हणूनच त्याने असमानतेला दोन्ही बाजूंनी गुणले, तरी चिन्ह उलटण्याचा धोका नव्हता. छेदात नुसते (x − 2) असते तर मात्र असे गुणता आले नसते, कारण x दोनपेक्षा लहान असताना तो छेद ऋण होतो आणि ‘मोठे’चे ‘लहान’ होते.

घोटाळा तिसऱ्या ओळीत आहे. एखाद्या संख्येचा वर्ग ४ पेक्षा मोठा असेल, तर ती संख्या २ पेक्षा मोठी तरी असते किंवा −२ पेक्षा लहान तरी असते. मुलाने वर्गमूळ घेताना दुसरी शक्यता सोडून दिली. ती धरली की x − 2 < −2, म्हणजेच x < 0, हा आख्खा भाग उत्तरात येतो. समीकरण सोडवताना हीच मुले ± लिहायला विसरत नाहीत, पण असमानता आली की हमखास विसरतात.

त्याला कागदावर एक छोटी तपासणी करायला सांगा. त्याच्या उत्तराप्रमाणे x < 4 असताना फल सर्वत्र घटायला हवे. आता x = −2 घेतले तर f = −1 येते, x = −1 घेतले तर साधारण −०.३३ येते आणि x = 0 घेतले तर 0 येते. डावीकडून उजवीकडे जाताना किमती चढत आहेत, त्यामुळे त्याचे उत्तर या तीन किमतींपुढेच टिकत नाही.

क-६०२ : सर, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला क्लासमध्ये यासाठी वेव्ही कर्व्हची पद्धत शिकवली होती. विकलजाचे अवयव पाडायचे, ज्या ज्या किमतींना अंश किंवा छेद शून्य होतो त्या संख्यारेषेवर मांडायच्या, सर्वांत उजव्या भागात धन चिन्ह लिहायचे आणि तेथून डावीकडे येताना एकाआड एक चिन्हे बदलत जायची. येथे f'(x) = x(x − 4)/(x − 2)² असल्यामुळे ०, २ आणि ४ हे बिंदू मिळतात. त्यावरून ४ च्या पुढे धन, २ ते ४ ऋण, ० ते २ धन आणि ० च्या मागे ऋण अशी चिन्हे येतात. हे तर उत्तरसूचीशीही जुळत नाही आणि तुमच्या उत्तराशीही जुळत नाही.

ब-१०४ : पद्धत चांगली आहे, पण तिची एक अट तुमच्या मांडणीतून गळली आहे. चिन्ह बदलते ते अवयवाचा घात विषम असेल तेव्हाच. x हा अवयव शून्य ओलांडताना ऋणाचा धन होतो, त्यामुळे तेथे चिन्ह बदलणे योग्यच आहे, आणि (x − 4) चेही तसेच आहे. परंतु (x − 2)² हा अवयव २ च्या अलीकडेही धन असतो आणि पलीकडेही धन असतो. त्यामुळे २ ओलांडताना चिन्ह तसेच राहते. ही दुरुस्ती केली की उजवीकडून धन, ऋण, ऋण, धन असा क्रम मिळतो आणि तो उत्तरसूचीशी तंतोतंत जुळतो.

मी स्वतः मुलांना एकाआड एक चिन्हे लिहिण्यापेक्षा प्रत्येक तुकड्यातली एक सोपी संख्या विकलजात घालून पाहायला सांगत असे. त्याला मिनिटभर जास्त लागते, पण घात सम की विषम हे ध्यानात ठेवावे लागत नाही. येथे x = 1 घातले तर f'(1) = 1 − 4 = −3 येते, म्हणजे ० ते २ मध्ये विकलज ऋण आहे, हे एका ओळीत कळते. एका तुकड्यासाठी एकच संख्या का पुरते, असे कोणी विचारील म्हणून सांगतो : या विकलजाचे चिन्ह फक्त तो शून्य होतो तेथे किंवा त्याची व्याख्याच होत नाही तेथे बदलू शकते, आणि ते सगळे बिंदू आपण आधीच कापून वेगळे काढलेले असतात. अर्थात, ही संख्या विकलजात घालायची असते. मूळ फलात घालून त्याच्या किमतीचे चिन्ह वाचणारी मुलेही मी पाहिली आहेत, आणि येथे f(3) = 9 ही धन किंमत पाहून ती २ ते ४ मध्ये फल वाढते असे लिहून मोकळी होतील.

अ-२०३ : आता x < 0 चा मुद्दा मुलाच्या लक्षात आला. त्याचा पुढचा प्रश्न असा आहे की २ च्या दोन्ही बाजूंना विकलज ऋण असेल, तर (0, 2) आणि (2, 4) असे दोन तुकडे वेगळे का लिहायचे? त्याच्या मित्राने ‘(0, 4) मधून २ वगळून फल घटते’ असे एकत्र लिहिले आहे. ते चालेल का?

ब-१०४ : माझ्या मते चालू नये, आणि सबंध उदाहरणातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच आहे. एखाद्या भागात फल घटते असे म्हणणे, म्हणजे त्या भागातल्या कोणत्याही दोन संख्या घेतल्या तरी मोठ्या संख्येला फलाची किंमत लहान मिळाली पाहिजे. मित्राच्या संचात १ आणि ३ या दोन्ही संख्या आहेत. f(1) = −1 आहे आणि f(3) = 9 आहे. संख्या वाढली आणि किंमतही वाढली, म्हणून त्या एकत्र संचावर फल घटते असे म्हणता येत नाही.

काय घडते ते २ च्या जवळ जाऊन पाहिले की स्पष्ट होते. x = 1.5 ला किंमत −४.५ आहे आणि x = 1.9 ला ती −३६.१ पर्यंत खाली जाते. २ ओलांडून x = 2.1 वर आलो की ती एकदम ४४.१ असते, आणि तेथून पुन्हा घसरत x = 3 ला ९ व x = 4 ला ८ होते. फल दोन्ही बाजूंना खरोखरच घटत आहे, पण मधल्या तुटीमध्ये ते पाताळातून आकाशात उडी घेते, आणि त्या उडीची विकलजाला दखलच नसते, कारण २ या ठिकाणी फलही नाही आणि विकलजही नाही.

विकलजाच्या चिन्हावरून फलाची चाल सांगण्याचा अधिकार आपल्याला लाग्रांजच्या मीन व्हॅल्यू थिअरममुळे मिळतो, आणि तो थिअरम दोन संख्यांमधला संपूर्ण अंतराल सलग मागतो. १ आणि ३ यांच्यामध्ये सरासरी चढ (9 − (−1))/2 = 5 इतका येतो. थिअरम येथे लागू असता, तर मध्ये कोठेतरी विकलज ५ झाला असता. आपला विकलज तर 1 − 4/(x − 2)² आहे, जो १ च्या वर कधीच जाऊ शकत नाही. म्हणून उत्तर लिहिताना प्रत्येक अंतराल स्वतंत्र ठेवावा आणि मध्ये ‘आणि’ लिहावे.

ड-४०१ : सर, चर्चा वाचून माझीही एक जुनी शंका वर आली. ० आणि ४ या ठिकाणी तर फल व्यवस्थित अस्तित्वात आहे. मग कंस उघडे का? (−∞, 0] असे का लिहू नये?

ब-१०४ : लिहिता येते, आणि ते गणिताच्या दृष्टीने बरोबरही आहे. f'(0) = 0 असला, तरी फल तेथे सलग आहे. ० च्या आधीच्या प्रत्येक संख्येला किंमत f(0) = 0 पेक्षा लहानच आहे, त्यामुळे ० हा बिंदू वाढत्या भागात घातल्याने काही बिघडत नाही. तोच ० पुढच्या घटत्या भागातही घालता येतो, म्हणजे [0, 2) असे म्हणता येते, कारण वाढणे-घटणे हा एकट्या बिंदूचा गुण नसून अंतरालाचा गुण आहे. मात्र प्रश्न f'(x) > 0 सोडवा असा असेल, तर उत्तर उघड्या कंसातच येणार. परीक्षेत उत्तरसूचीप्रमाणे उघडे कंस लिहावेत, म्हणजे वाद उरत नाही. २ ला बंद कंस मात्र कोणत्याही परिस्थितीत लावता येणार नाही.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. ० ला चढण संपून उतार लागतो, म्हणून तेथे स्थानिक महत्तम किंमत आहे, आणि ती 0 आहे. ४ ला उतार संपून चढण लागते, म्हणून तेथे स्थानिक लघुतम किंमत आहे, आणि ती 8 आहे. महत्तम किंमत लघुतम किमतीपेक्षा लहान आहे, आणि तरीही सर्व काही नियमानुसार आहे. ही करामत २ जवळच्या तुटीचीच आहे.

अ-२०३ : सर, मनःपूर्वक आभार. त्याने लगेच त्याच संचातले पुढचे उदाहरण, f(x) = x + 25/x, सोडवले आहे. विकलज 1 − 25/x² आला. फल (−∞, −5) आणि (5, ∞) मध्ये वाढते, तर (−5, 0) आणि (0, 5) मध्ये घटते, असे त्याने लिहिले आहे. दोन घटते तुकडे जोडता येत नाहीत यासाठी त्याने शेजारी f(−1) = −26 आणि f(1) = 26 अशी नोंदही केली आहे.

ब-१०४ : उत्तर बरोबर आहे आणि नोंदही नेमकी आहे. आता त्याला f'(x) = (x − 3)/(x − 2) असा विकलज देऊन चिन्हे वाचायला सांगा, आणि छेदाने गुणू नकोस एवढे मात्र सांगू नका.

क-६०२ : सर, येथे २ लाही चिन्ह बदलेल, कारण छेदाचा घात विषम आहे. म्हणजे ३ च्या पुढे धन, २ ते ३ ऋण आणि २ च्या मागे पुन्हा धन.

ब-१०४ : अगदी बरोबर, पण अ-२०३ मधल्या मुलाने ग्रुप पाहण्याआधी हा मेसेज डिलीट करा.